पैज किती वेळात संपते?

आयपीएलच्या आधीच्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी कचेऱ्यांमध्ये एक वही उघडली जाते. आता ती वही बहुतेक ठिकाणी एक्सेलची फाइल किंवा व्हॉट्सॲपचा ग्रुप झाली आहे, पण काम तेच. कोणी किती पैसे दिले, कोणी कोणता संघ निवडला, कोणाचे गुण किती झाले. लेखा विभागातले, स्टोअर्समधले, रात्रपाळीचे, एरवी एकमेकांशी फक्त फायलींपुरतं बोलणारे लोक दोन महिने रोज सकाळी चहाच्या टेबलाशी जमतात. यात काही वाईट आहे असं मी म्हणणार नाही. क्रिकेटवरून चार माणसं हसतात, भांडतात, हरलेला सगळ्यांना वडापाव खाऊ घालतो. पण याच वहीतून सुरू झालेला प्रवास काही जणांच्या बाबतीत कर्जापर्यंत जातो, आणि तो नेमका कुठे वळण घेतो हे सहसा कोणी नीट पाहत नाही.

आपण पैजेचा धोका रकमेवरून मोजतो. "पन्नास रुपयांनी काय होतंय?" हे वाक्य प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं, आणि त्या दिवसापुरतं ते खरंही असतं. माझ्या मते रकमेच्या आधी दुसऱ्या दोन गोष्टी पाहायला हव्यात. पैसे लावल्यापासून निकाल लागेपर्यंत किती वेळ जातो, आणि पैसे आधी हातात दिले जातात की नंतर द्यायचे म्हणून लिहून ठेवले जातात.

एक नमुना घेऊन हिशोबच मांडू. समजा, ठाण्यातल्या एका कंपनीचा लेखा विभाग आहे आणि त्यात बारा माणसं आहेत. पहिल्या वर्षी ते हंगामाचा पूल काढतात. प्रत्येकाने दोनशे रुपये द्यायचे, पहिल्या सामन्याआधी आपला विजेता संघ, शेवटच्या चारांत येणारे संघ, सर्वाधिक धावा करणारा फलंदाज आणि सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज लिहून द्यायचा. जमले चोवीसशे. पहिल्याला बाराशे, दुसऱ्याला सातशे, तिसऱ्याला पाचशे. सगळे पैसे खेळणाऱ्यांमध्येच परत गेले, मधे कोणी काही कापलं नाही. हरणाऱ्याचं नुकसान दोनशे रुपये, आणि ते मार्चमध्येच होऊन गेलेलं. त्यानंतर दोन महिने काहीही घडलं तरी त्याला आणखी एक रुपयाही लावता येत नाही. चिठ्ठी बंद झाली आहे. या पुलात हरलेले पैसे परत मिळवण्याची घाई कोणाला होत नाही, कारण तशी सोयच नाही.

दुसऱ्या वर्षी कोणीतरी सुचवतं की हंगामाचा पूल फार संथ आहे, दर सामन्याला खेळू. पन्नास रुपये सामना. बारापैकी सात जण एका संघावर, पाच जण दुसऱ्यावर. जमले सहाशे. सात जणांचा संघ जिंकला तर प्रत्येकाला पंच्याऐंशी रुपये मिळतात आणि उरलेले पाच रुपये चहाला जातात. म्हणजे खरी कमाई पस्तीस. पण पाच जणांचा संघ जिंकला तर प्रत्येकाच्या हातात एकशेवीस येतात, कमाई सत्तर. इथे माणसाच्या लक्षात एक गोष्ट येते, की गर्दीच्या विरुद्ध गेलं तर जास्त मिळतं. ही जाणीव चुकीची नाही, पुलाचं गणित तसंच असतं. मात्र तिच्यासोबत आणखी एक समज चिकटून येतो, की बाकीच्यांपेक्षा मला क्रिकेट जास्त कळतं. दोन-तीनदा उलटा अंदाज बरोबर आला की तो समज पक्का होतो.

या पुलातही कोणी कमिशन घेत नाही. शेवटी ज्याचं जातं ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे जातं. 2022 पासून आयपीएलमध्ये दहा संघ आहेत आणि हंगामात 74 सामने होतात. रोजचे पन्नास धरले तर पूर्ण हंगामात एक माणूस जास्तीत जास्त सदतीसशे रुपये लावेल, आणि त्यातले बरेचसे फिरून परत येतील. मग बदललं काय? आधी जो निकाल दोन महिन्यांनी लागत होता, तो आता चार तासांत लागतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पैसे लावता येतात. काल हरलेल्याला आज भरून काढायची संधी आहे.

बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसलं, पण अधूनमधून मिळत राहिलं, तर ती कृती सोडवत नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झालं. नेमाने दाणा मिळणारं कबूतर दाणा बंद झाल्यावर लवकर थांबतं. अनियमितपणे मिळणारं मात्र पुढे बराच वेळ टोचा मारत राहतं. क्रिकेटमध्ये याला आणखी एक जोड मिळते. शेवटच्या षटकात दोन धावांनी हरलेला सामना मनाला हरल्यासारखा वाटत नाही, "जिंकलोच होतो" असा वाटतो. जुगारावरच्या अभ्यासांत दिसून आलं आहे, की थोडक्यात हुकलेला डाव पैसे न मिळवून देताही पुढचा डाव खेळण्याची इच्छा वाढवतो. वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये असे डाव फार येतात.

याच सुमारास वहीत एक छोटा बदल होतो, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. रोज बाराजणांकडून पन्नास-पन्नास गोळा करणं कटकटीचं असतं. मग ज्याच्याकडे वही आहे तो म्हणतो, "राहू दे रे, खात्यावर लिहितो, शनिवारी एकदम हिशोब करू." त्या क्षणी पैजेतून नोट निघून जाते आणि आकडा उरतो. खिशातून पन्नासची नोट काढताना हात जरासा थबकतो. ग्रुपवर संघाचं नाव टाकताना तो थबकत नाही. "आज माझे डबल" असं लिहायला काहीच लागत नाही. शनिवारी साडेचारशे देणं निघतं तेव्हा माणसाला पहिल्यांदा कळतं की आठवड्यात काय झालं. आणि पगार सात तारखेला असेल तर साडेचारशे पुढच्या शनिवारवर जातात.

नकार देणंही याच टप्प्यावर अवघड होतं. विभागात नवीन आलेल्या मुलाला साहेबांनीच विचारलं, "काय रे, आज कोण?" तर तो काय सांगणार? पन्नास रुपयांसाठी कोणी वेगळं पडायला तयार नसतं. पुलात नसलेल्या माणसाला सकाळच्या गप्पांतही जागा उरत नाही. बायकांना तर अनेक ठिकाणी विचारलंच जात नाही, किंवा विचारलं तर नाही म्हणण्याची मुभा नसल्यासारखं विचारलं जातं. मैत्रीतल्या पैजेत बळजबरी नसते हे म्हणणं पूर्ण खरं नाही.

बारापैकी दहा-अकरा जण इथेच थांबतात. मे महिना संपतो, हिशोब मिटतो, कोणाचे चारशे गेले, कोणाचे सहाशे आले, ते विसरूनही जातात. आपण उरलेल्या एकाकडे पाहू. समजा त्याचा पगार बत्तीस हजार आहे. पहिल्या तीन आठवड्यांत तो बाराशे रुपयांनी वर होता. सुरुवातीला जिंकणं ही चांगली गोष्ट वाटते, पण पुढे अडकणाऱ्यांच्या कहाण्यांत ती वारंवार येते. त्याला आता पन्नास रुपये कमी वाटतात, आणि पुलातल्या बाकीच्यांना पाचशे जास्त वाटतात. मग दुसऱ्या विभागातला किंवा कॅन्टीनमध्ये ओळखीचा झालेला एखादा माणूस त्याला सांगतो, की माझ्याकडून आयडी घे.

आयडी म्हणजे सट्ट्याच्या बेकायदा साइटवरचं किंवा ॲपमधलं खातं. युजरनेम, पासवर्ड आणि एक लिमिट, समजा दहा हजारांची. आधी पैसे भरायचे नाहीत, आठवड्याला हिशोब. ऑफिसातल्या वहीत त्याला उधारीवर खेळायची सवय लागलेलीच असते, म्हणून हे वेगळं वाटत नाही. पण इथे तीन गोष्टी एकदम बदललेल्या असतात. समोर मित्र नाही, बुकी आहे. मधल्या माणसाला त्यातून वाटा मिळतो. आणि सामना संपायची वाट पाहावी लागत नाही.

यातला सगळ्यांत जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे सेशन. पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील? बुकीचा भाव येतो 48-49. "येस" म्हणणाऱ्याला 49 किंवा जास्त धावा हव्यात. "नो" म्हणणाऱ्याला 47 किंवा कमी. बरोबर 48 झाल्या तर दोघेही हरतात आणि दोन्हीकडचे पैसे बुकीचे. बरोबर 48 होण्याची शक्यता शंभरात तीन धरू. म्हणजे येसवाला आणि नोवाला दोघेही शंभरात सुमारे साडेअठ्ठेचाळीस वेळा जिंकतील आणि साडेएकावन्न वेळा हरतील. शंभर रुपयांमागे सरासरी तीन रुपये गेले. हे तीन रुपये इतके लहान आहेत की खेळणाऱ्याला ते दिसतच नाहीत. त्याला दिसतं ते एवढंच, की तो जवळजवळ निम्म्या वेळा जिंकतो.

आता वेग पाहा. पहिली सहा षटकं अर्ध्या तासाच्या आत संपतात. मग दहा षटकांचं सेशन, पंधराचं, वीसचं, पडणाऱ्या पुढच्या विकेटचं, मग दुसरा डाव. एका सामन्यात दहा वेळा पाचशे रुपये लावले तर पाच हजारांची उलाढाल होते, आणि सरासरीने दीडशे रुपये जातात. असे साठ सामने झाले तर नऊ हजार. हे झालं शांतपणे, दर वेळी तेवढेच पाचशे लावणाऱ्याचं. हंगामाच्या पुलात हीच सरासरी शून्य होती आणि कमाल नुकसान दोनशे होतं.

पण हरणारा माणूस शांत राहत नाही. तो पुढच्या वेळी दुप्पट लावतो, म्हणजे एकदा जिंकलं की सगळं भरून निघेल. पाचशे गेले, मग हजार, मग दोन हजार, चार हजार, आठ हजार. सलग पाच वेळा हरला तर एकूण गेले पंधरा हजार पाचशे, म्हणजे आपल्या माणसाचा जवळजवळ अर्धा पगार, आणि सहाव्या वेळी लावायला सोळा हजार हवेत. "सलग पाच वेळा कोण हरतं?" असं वाटणं स्वाभाविक आहे. गणित वेगळं सांगतं. नाणं 74 वेळा उडवलं, तर कुठे ना कुठे सलग पाच वेळा तुमच्याविरुद्ध पडण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे दर सामन्याला एकदाच खेळणाऱ्या दहा जणांपैकी साधारण सात जणांवर एका हंगामात ही वेळ येते. सेशन खेळणाऱ्यावर ती काही दिवसांत येते. क्रिकेटचं ज्ञान इथे फारसं उपयोगी पडत नाही, कारण ते ज्ञान भावात आधीच धरलेलं असतं.

यानंतर पैसे कुठून येतात ते पाहिलं की ऑफिसचा संबंध पुन्हा लागतो. पहिले दोन-तीन हजार सहकाऱ्यांकडून उसने. कारणं घरची सांगितली जातात: मुलाची फी, आईचं औषध. मग मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपचं छोटं कर्ज. आणि मग पगारदार नोकरांची पतसंस्था. आपल्याकडे कित्येक कंपन्यांत, बँकांत, सरकारी खात्यांत कर्मचाऱ्यांची स्वतःची पतसंस्था असते आणि तिचं कर्ज घ्यायला जामीनदार लागतात. ते सहकारीच असतात, पुष्कळदा त्याच चहाच्या टेबलावरचे. फॉर्मवर कारण लिहिलेलं असतं घरदुरुस्ती. हप्ते थकले की वसुली जामीनदाराच्या पगारातून होऊ शकते. पन्नास रुपयांच्या पुलात बरोबर बसलेली माणसं दोन वर्षांनी एकमेकांच्या पगारपत्रकात अडकलेली असतात, आणि तोपर्यंत कोणालाही हे पैसे क्रिकेटवर गेले आहेत हे ठाऊक नसतं.

कायद्याची मदत इथे मर्यादित आहे. भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे 1872 च्या कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार शून्य असतो, जिंकलेले पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. त्यामुळे बुकीची माणसं वसुली कोर्टाबाहेर करतात, आणि नोकरदार माणसाला "तुझ्या ऑफिसात येतो" एवढी धमकी पुरते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. त्यानंतर ड्रीम11सारख्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. आयडी देणारे मात्र आधीही कायद्याबाहेरच होते. खेळणाऱ्याला शिक्षा नाही ही गोष्ट मला योग्य वाटते, कारण त्यामुळे अडकलेला माणूस डॉक्टरकडे जाऊन मोकळेपणी बोलू शकतो.

सवय लागली आहे हे ओळखायचं कसं? 1997 मध्ये संशोधकांनी दोनच प्रश्नांची एक चाचणी मांडली, ती आजही वापरली जाते. तुम्हाला कधी अधिकाधिक पैसे लावावेसे वाटले का? तुम्ही किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर हो असेल तर पुढे नीट तपासायला हवं. ऑफिसात बसून दिसणारी माझी स्वतःची एक खूण मी यात जोडेन. आयपीएल संपल्यावर काय होतं ते पाहा. ज्याला क्रिकेट आणि मित्र हवे असतात तो जूनमध्ये पावसाबद्दल बोलू लागतो. ज्याला पैज हवी असते तो वेस्ट इंडिजमधल्या लीगचा सामना पहाटेपर्यंत पाहतो, ज्या खेळाडूंची नावं त्याला सांगता येत नाहीत त्यांच्यावर पैसे लावतो, जेवणाच्या सुट्टीत एकटा जिन्यात फोन घेऊन उभा राहतो. त्याच्यासाठी हंगाम संपतच नाही.

अशा सहकाऱ्याला पैसे देऊन सोडवावं असं मनापासून वाटतं, पण तसं करू नये. कर्ज कोणीतरी फेडलं की लिमिट पुन्हा मोकळी होते, आणि खेळ पुन्हा सुरू होतो. मानसोपचारतज्ज्ञ जुगाराच्या व्यसनाची जी लक्षणं तपासतात, त्यांत इतरांनी पैसे देऊन सोडवावं यावर अवलंबून राहणं हेही एक लक्षण आहे. त्यापेक्षा त्याला बाजूला घेऊन, सगळ्यांसमोर नाही, सरळ विचारावं, "किती झालेत एकूण?" पहिला आकडा सहसा खरा नसतो, म्हणून काही दिवसांनी पुन्हा विचारावं. घरच्या एका माणसाला पूर्ण आकडा कळणं, काही काळ बँक खातं आणि यूपीआय त्या माणसाच्या हाती जाणं, आणि मानसोपचारतज्ज्ञाची भेट, या तीन गोष्टी एकत्र झाल्या तर वाट सापडते. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि शेवटी, वही ज्याच्याकडे आहे त्याला माझी विनंती. पूल काढायचाच असेल तर हंगामाचा काढा. पैसे पहिल्या सामन्याआधी रोख घ्या, त्यानंतर एक रुपयाही घेऊ नका, खात्यावर कोणाचंही काही लिहू नका. पैसे न लावता नुसतं नाव द्यायचं असेल त्यालाही गुणतक्त्यात जागा द्या. आणि कोणी "माझे डबल लिही" म्हणाला, तर ते लिहू नका. त्याच संध्याकाळी त्याच्यासोबत स्टेशनपर्यंत चालत जा आणि त्याची चौकशी करा.